लोकांसाठी घेतलेला चहा

चहा घेता का, या प्रश्नाला 'नको' म्हणणारा माणूस सहसा तेवढ्यावर थांबत नाही. 'आत्ताच झाला', 'तसा मी कमीच केलाय', 'डॉक्टरांनी सांगितलंय असं काही नाही हं' अशी शेपटं तो जोडत जातो. कुणी काहीच विचारलेलं नसतं. तरी समोरच्याच्या मनात येऊ शकणाऱ्या तीन प्रश्नांची तीन उत्तरं त्याने देऊन टाकलेली असतात. कादंबरीतली संवादात्मकता, म्हणजे एकाच्या बोलण्यात दुसऱ्याच्या बोलण्याला दिलेलं उत्तर, समजून घ्यायची तर सुरुवात या शेपटांपासून करावी.

रशियन विचारवंत मिखाईल बाख्तीनचं कादंबरीकार दस्तयेवस्कीवरचं पुस्तक 1929 साली आलं आणि 1963 साली त्याची वाढवलेली आवृत्ती निघाली. नवा विद्यार्थी त्यातलं 'बहुआवाजी कादंबरी' हे नाव उचलतो आणि पात्रं मोजायला बसतो. त्याने आधी दस्तयेवस्कीची 1846 सालची पहिली कादंबरी, 'गरीब माणसं' उघडावी. ती पत्रांची आहे. मकार देवुश्किन हा पीटर्सबर्गमधला नकलनवीस कारकून. अंगणापलीकडच्या खिडकीत राहणाऱ्या वारिन्काला तो पत्रं लिहितो.

8 एप्रिलच्या पहिल्याच पत्रात तो नव्या खोलीचा हिशेब मांडतो. भाडं सात कागदी रुबल, जेवणाचे पाच चांदीचे. चांदीचा एक रुबल म्हणजे साडेतीन कागदी, म्हणून एकूण साडेचोवीस. पूर्वी पूर्ण तीस जायचे, आता चहा-साखरेपुरते वाचतात. आणि मग तो जे म्हणतो त्याचा आशय असा: चहा न पिणं कसंसंच वाटतं, इथले सगळे खाऊनपिऊन सुखी, मग लाज वाटते. चहा प्यायचा तो लोकांसाठी, दिसायला बरं म्हणून. माझं म्हणाल तर मला कसलेच चोचले नाहीत.

आता पेन्सिल घ्या. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. उजवीकडे देवुश्किनची वाक्यं एकेक करून उतरवा आणि प्रत्येकापुढे डावीकडे एकच गोष्ट लिहा: हे वाक्य कोणत्या न बोललेल्या वाक्याचं उत्तर आहे? पान साधारण असं भरेल.

'तुझ्याकडे चहालासुद्धा पैसे नसतात.' 'आता उरतात.'
'मग एवढं कौतुक कसलं?' 'इथे सगळे पितात, न पिणं बरं दिसत नाही.'
'म्हणजे लोकांना दाखवायला पितोस!' 'हो, लोकांसाठीच. मला स्वतःला काही नको असतं.'

डावीकडचा माणूस कादंबरीत कुठेच नाही. त्याला नाव नाही, त्याच्या तोंडी एक शब्द नाही. तरी उजवीकडच्या प्रत्येक वाक्याचं वळण त्यानेच ठरवलंय. ही क्लृप्ती बाख्तीनचीच आहे. देवुश्किन एका पत्रात 'माझा भाकरीचा तुकडा माझ्या कष्टाचा आहे' असं सांगतो, तो उतारा घेऊन बाख्तीनने असाच सवाल-जवाब उभा करून दाखवलाय. एकाच माणसाच्या एकाच वाक्यात दोन आवाज टक्कर घेत असतील, तर ते बोलणं दुहेरी आवाजाचं.

इथे घोळ होतो तो असा: डावा रकाना कुठल्याही मजकुरापुढे भरता येतो. 'पाऊस पडत होता' यापुढेही 'हवा कशी होती?' लिहिता येईल. म्हणून खात्री करायची ती डावं वाक्य पुसून. ते पुसल्यावर उजव्या वाक्याला काहीच झालं नाही, तर तिथे दुसरा आवाज नव्हता, तो तुम्ही घातला होता. 'मला कसलेच चोचले नाहीत' हे वाक्य मात्र, कुणी चोचल्यांचा आरोपच केला नसेल तर, अधांतरी लोंबकळतं. खुणा भाषेतच सापडतात: मध्येच घातलेली दुरुस्ती, 'म्हणजे तसं नाही', कारण नसताना दिलेली कबुली. देवुश्किनची खोली स्वयंपाकघरातच आहे, आडोसा घालून वेगळी केलेली. हे सांगताना तो इतक्या कोलांट्या मारतो, की वास नाकात भरतो. पुढच्या एका पत्रात तो लिहितो, की स्वयंपाकघर मोठं, उजेडाचं आहे. सकाळी जरा धूर होतो एवढंच. आणि हो, या हवेत पिंजऱ्यातले पक्षी जगत नाहीत, शेजारच्या नौदलातल्या गृहस्थाने आता पाचवा आणलाय.

एवढं झालं तरी कादंबरी बहुआवाजी ठरत नाही. परीक्षेच्या पेपरात हे दोन शब्द हमखास एकमेकांच्या जागी येतात. दुहेरी आवाज वाक्यात शोधायचा. बहुआवाजीपण शोधायचं ते लेखक आणि पात्र यांच्या नात्यात. पात्राबद्दलचं शेवटचं सत्य लेखकाने आपल्या मुठीत ठेवलंय का, असं की ज्याला पात्र कधी उत्तरच देऊ शकणार नाही? मूठ बंद असेल, तर पन्नास निवेदक असले तरी आवाज एकच. बाख्तीन यासाठी टॉल्स्टॉयची 'तीन मृत्यू' ही कथा घेतो. त्यात एक श्रीमंत बाई, एक गाडीवान आणि एक झाड मरतं. तिघांचा एकमेकांशी मनाने काहीच संबंध येत नाही. तीन मरणं शेजारी ठेवून तोलणारा फक्त लेखक आहे. कथा उत्तम आहे, पण एका आवाजाची. एक आवाज म्हणजे कमी दर्जा, असा अर्थ उगाच काढू नये.

देवुश्किनच्या बाबतीत ही मूठ उघडते ती 8 जुलैच्या पत्रात. वारिन्काने त्याला रशियन लेखक गोगोलची 'ओव्हरकोट' ही कथा वाचायला दिलेली असते. तीत त्याच्यासारखाच एक गरीब नकलनवीस, आणि निवेदक त्याचा चेहरा, टक्कल, बूट झिजू नयेत म्हणून जपून टाकलेली पावलं, सगळं बाहेरून टिपतो. त्या कारकुनाला आपल्यावर काय लिहिलंय ते कळणं शक्य नाही. देवुश्किनला ते कळतं, आणि तो भडकतो. रस्ता खराब असला तर मीही चवड्यांवर चालतो, बूट वाचवतो, मग? एखादा अडचणीत असतो, चहा पीत नाही, हे लिहायचंच कशाला? सगळ्यांनी चहा प्यायलाच पाहिजे असं आहे का? कोण काय चघळतोय ते मी कुणाच्या तोंडात डोकावून बघतो का?

गोगोलचा निवेदक जे पात्राबद्दल बोलत होता, ते दस्तयेवस्कीने पात्राच्या कानावर घातलं. आता कारकुनाचे विटके कपडे ही लेखकाने दिलेली माहिती उरत नाही. कारकून स्वतःच ती आरशात पाहून तिच्याशी भांडतो. आणि हे भांडण चुकीचंही असू शकतं. देवुश्किन गोष्ट अर्धवट समजून घेतो, उगाच चिडतो. लेखक मध्ये पडून त्याची समजूत काढत नाही.

म्हणून लेखक गायब झाला, असं मात्र लिहू नये. पत्रांचा क्रम त्याचा आहे, कोणतं पत्र कुठे तुटतं तेही त्याचंच. त्याचा हात पाहायचा असेल तर शेवटची पत्रं लागोपाठ वाचावीत. वारिन्काचं बीकोव्ह नावाच्या जमीनदाराशी लग्न ठरतं आणि तिच्या चिठ्ठ्यांत 'बीकोव्ह म्हणाले' सुरू होतं: हॉलंडच्या कापडाचे तीन डझन सदरे हवेतच, असं ते म्हणाले. पाठोपाठ शिवणकामाचे निरोप, झालरी कशा लावायच्या त्याच्या सूचना. देवुश्किन बिचारा शिंपिणीकडे धावतो. मग शेवटच्या, तारीख नसलेल्या पत्रात तीच झालर त्याच्या तोंडी येते: झालर कशाला, झालर म्हणजे चिंधी, इथे माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. शब्द वारिन्काचा, त्यामागची ऐट बीकोव्हची, आणि त्या दोघांना एकदम दिलेलं उत्तर देवुश्किनचं. वारिन्का त्यावर काय म्हणाली असती, ते तिलाच ठाऊक, कारण तिचं पत्र पुढे नाही.