आमची वाटचाल : बादलीच्या वजनावर चालणारा धंदा

लातुरात आमचा मूळ धंदा गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचा. स्लॅबवर विटांचे तुकडे अंथरायचे, सिमेंट-वाळूचा माल भरायचा, ढाळ काढायचा आणि वर कोबा घोटायचा. गळती थांबायची, पण चार-साडेचार इंचांच्या थराचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोच्या घरात जायचं. हजार स्क्वेअर फुटांच्या गच्चीवर अठरा-एकोणीस टन. आमच्याकडे डोक्यावरच्या वजनाचा विषय निघाला की ३० सप्टेंबर १९९३ आठवल्याशिवाय राहत नाही. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाची माती घरातल्या माणसांवरच आली होती. माळवद उन्हाळ्यात गार असायचं हेही खरं. हलकं आणि गार हे दोन्ही एकत्र हवं, म्हणून आम्ही फोम काँक्रीटकडे वळलो.

ह्यात खडी नसते. सिमेंट आणि पाण्याचा घोळ वेगळा करायचा, यंत्रावर घट्ट फेस वेगळा काढायचा आणि दोन्ही हलक्या हाताने एकजीव करायचे. फेस जितका जास्त, तितकं काँक्रीट हलकं. पहिल्या दिवसापासून गिऱ्हाईक एकच विचारतं, "मजबूत किती?" मजबुती आम्ही वजनावरून सांगतो, आणि हा हिशोब सरळ रेषेत चालत नाही, हे समजावण्यात आमचा निम्मा वेळ जातो.

घनमीटरला साधारण १२०० किलो वजनाचं वाळलेलं फोम काँक्रीट ५ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरच्या आसपास ताकद देतं. वजन निम्मं करून ६०० वर आणलं की ताकद निम्मी होत नाही, ती १ ते दीडवर येते. ४०० ला तर ती अर्धा ते एकच राहते. हवा वाढते तशा बुडबुड्यांमधल्या भिंती पातळ होतात, बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात, आणि भार पेलायला सलग सिमेंट उरत नाही. उष्णतेचं गणित नेमकं उलटं. ५०० किलोच्या आसपासचा चार इंचांचा थर जवळजवळ चार फूट जाड स्लॅबइतकी उष्णता अडवतो. तोच थर १००० किलोचा केला तर दोन फूटसुद्धा भरत नाही. म्हणजे मजबुतीसाठी वजन वाढवलं की ज्यासाठी पैसे मोजले तेच जातं.

एका निवृत्त गुरुजींच्या गच्चीचं काम सांगतो. ९३ चौरस मीटर, पाण्याच्या पाइपापाशी थर कमी आणि लांबच्या कठड्याशी जास्त, सरासरी १० सेंटिमीटर. एकूण माल सव्वानऊ घनमीटर. एका घनमीटरला आम्ही ४०० किलो सिमेंट, २०० लिटर पाणी आणि ६७० लिटर फेस धरला. फेस लिटरला ५० ग्रॅमच्या आसपास हवा. त्याहून जड आणि पाणचट असेल तर पुढे टिकत नाही. ह्या मापाचा ओला माल घनमीटरला ६३० किलो भरतो आणि वाळला की ४८० च्या जवळ येतो. इतक्या हलक्या मालात आम्ही वाळू घालत नाही, ती खाली बसते.

साइटवर ह्या सगळ्याची परीक्षा दहा लिटरच्या बादलीत होते. बादली काठोकाठ भरायची, ठोकायची नाही, वरचा माल पट्टीने कापायचा आणि काट्यावर ठेवायची. बादली वजा जाता ६ किलो ३०० ग्रॅम आले की काम चालू. माल मात्र पाइपाच्या शेवटच्या तोंडाशी घ्यायचा, मिक्सरपाशी नाही. पंपातून आणि लांब पाइपातून जाताना थोडा फेस मरतो. ७ किलो आले तर फेस मरतोय, ५ किलो ७०० आले तर फेस जास्त झालाय. घोळ फार घट्ट असला तर तो फेसातलंच पाणी ओढून घेतो आणि बुडबुडे फुटतात, म्हणून आधी घोळ तपासायचा. रात्रीत थराची पातळी उतरली किंवा हिशोबाच्या मालात गच्ची पुरली नाही, तर काटा न बघताही फेस बसल्याचं कळतं.

एप्रिल-मेच्या उन्हात आणि वाऱ्यात वरचा थर तासाभरात सुकून भेगाळतो. म्हणून आम्ही पहाटे ओततो आणि लगेच प्लास्टिक अंथरतो.

दोन दिवसांनी गुरुजी वर आले, नखाने कोपरा टोकरला आणि म्हणाले, "ह्याचा तर भुगा व्हायलाय की हो!" होणारच होता. मी त्यांना कागदावर हिशोब मांडून दिला. ताकद अर्धा न्यूटन धरली तरी ती चौरस सेंटिमीटरला ५ किलो होते, म्हणजे चौरस मीटरला ५० टन. पसरलेल्या भाराला ते खूप झालं. शिडीचा पाय, टाकीच्या स्टँडचा लोखंडी पाय ह्यांचा भार मात्र टिचभर जागेवर येतो, तिथे खड्डा पडणारच. त्यासाठी वर जाळी घालून तीन सेंटिमीटरचा कोबा आणि त्यावर वॉटरप्रूफिंग लागतंच. फोम काँक्रीट पाणी अडवत नाही आणि ओलं झालं की उष्णताही आत सोडतं. कोब्यासकट वजन चौरस मीटरला १२० किलोच्या आसपास गेलं. "हलकं" म्हणून विकताना बरेच जण हा वरचा कोबा मोजतच नाहीत, ते मला पटत नाही.

पोकळी भरण्याची कामं नंतर आली, आणि तीही आपल्या गावांमुळेच. औसा तालुक्यात एका जुन्या वाड्याच्या अंगणात नवं बांधकाम काढताना धान्य साठवायचं जुनं पेव लागलं. तोंड अरुंद, आत पोट मोठं, तीनेक मीटर खोल. मुरूम टाकून अशा पोटात धुम्मस मारता येत नाही, कडेची पोकळी तशीच राहते. फोम काँक्रीट स्वतःहून कडेला पसरतं. तिथे उष्णतेचा प्रश्न नव्हता, म्हणून ओलं वजन ८०० धरलं आणि सिमेंटचा तिसरा हिस्सा परळीच्या फ्लाय अ‍ॅशने भरला. राख घातली की ताकद सावकाश येते, पण इथे घाई नव्हती. भरताना दिवसाला अर्धा मीटरच चढवलं. एकदम भरलं तर खालचा फेस वरच्या वजनाने दबतो, आणि मधला भाग तापून फुगतो.

पेव गावठाणाच्या पांढरीत, कोरड्या जागी खणलेलं असतं, म्हणून हे जमलं. जुना आड भरून द्या म्हणून लोक येतात तेव्हा आम्ही आधी पाणी कुठवर चढतं ते विचारतो. घनमीटरला हजार किलोंहून हलका माल पावसाळ्यात खालून पाण्याने उचलला जाऊ शकतो. तिथे पाण्याच्या पातळीपर्यंत बाराशेच्या पुढचा माल किंवा साधा मुरूम-दगड, आणि वरच्या कोरड्या भागातच फोम.

आता आमच्या कोटेशनवर "मजबूत" हा शब्द नसतो. ओलं वजन, त्यात पन्नास किलोंची कमी-जास्त मुभा, थराची जाडी आणि वरचा कोबा कुणी करायचा, एवढं लिहिलेलं असतं. काटा आणि बादली आम्ही आणतो. वजन करताना मालकाने समोर उभं राहायचं. पार्किंगच्या फरशीखाली पाचशे किलोचा थर मागणाऱ्यांना आम्ही नाही म्हणतो.