कॉलम उलटे का आले?

सेकंड इयरच्या ट्युटोरियलला एसव्हीडी, म्हणजे मॅट्रिक्स σ·u·vᵀ अशा टर्मच्या बेरजेत मोडणं, शिकवताना मी नेहमी हीच मॅट्रिक्स देते, आकडे सुटसुटीत येतात म्हणून.

```
A = 3  0
    4  5
```

AᵀA काढलं की पहिली ओळ 25, 20 आणि दुसरी 20, 25. आयगेनव्हॅल्यू 45 आणि 5, त्यांची वर्गमुळं म्हणजे सिंग्युलर व्हॅल्यू, साधारण 6.71 आणि 2.24. v1 ची दिशा (1, 1), v2 ची (1, -1).

त्या दिवशी एक मुलगी वही घेऊन आली, म्हणाली, "मॅडम, सगळं बरोबर आहे पण परत गुणाकार केला की कॉलम उलटे येतात." बघितलं तर खरंच, वरती 0, 3 आणि खाली 5, 4. मला वाटलं उतरवताना चुकलं असेल, म्हणून एकेक पायरी तपासली, तर चूक कुठेच नाही! तास संपत आला तेव्हा लक्षात आलं की तिने u वेगळे काढलेत, AAᵀ वरून. आयगेनव्हेक्टरला (3, -1) पण चालतो आणि (-3, 1) पण चालतो, तिने दुसरा घेतला, त्यामुळे दुसरी टर्म उलट्या चिन्हाने आली. चिन्ह आपल्या मनाने निवडायचं नसतं, u2 हा A·v2 ला σ2 ने भागूनच काढायचा, मग जोडी जुळते. आणि कॉलमच का उलटले, तर v2 चं चिन्ह फिरवणं म्हणजे (1, 1) च्या रेषेत आरसा धरणं, आणि त्या आरशात x आणि y जागा बदलतात. इतकी वर्षं हे उदाहरण देतेय, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

पहिली टर्म मात्र तिचीही बरोबर होती:

```
A1 = 1.5  1.5
     4.5  4.5
```

मी म्हटलं, रँक 1 मध्ये A च्या सगळ्यात जवळची हीच. ती लगेच म्हणाली, "पण मॅडम यात तर चारही आकडे बदलले, मी नुसता 3 पुसून 0 केला तरी रँक 1 होते की, आणि बाकीचे तीन जसेच्या तसे!" प्रश्न इतका रास्त होता की मी तिलाच फळ्यावर बोलावलं आणि फरकांचे वर्ग करायला सांगितले. तिचा फरक एकच, 3, त्याचा वर्ग 9. A1 चे फरक दोन ठिकाणी 1.5 आणि दोन ठिकाणी 0.5, वर्गांची बेरीज 5, म्हणजे बरोबर σ2 चा वर्ग. एकार्ट आणि यंग यांनी 1936 मध्ये दाखवलेलं हेच आहे, रँक 1 ची कुठलीही मॅट्रिक्स घ्या, ही बेरीज 5 च्या खाली जात नाही. पण मोजमाप वर्गांचं असेल तरच हं, किती आकडे बदलले हे मोजायचं म्हटलं तर तिचीच मॅट्रिक्स जिंकते, आणि हे मी वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं.

जाताना तिने वहीत (-3, 1) वर काट मारली नाही, शेजारी v2 च्या जागी (-1, 1) लिहिलं. तेही बरोबरच होतं.