बाटलीवरचं मीठ काय काय सांगतं

आज कोथरूडच्या दुकानात पास्ता सॉसची बाटली उलटी करून नीट वाचली. पुढच्या बाजूला ऑलिव्हची फांदी आणि चीजचा तुकडा, मागच्या यादीत मात्र क्रम असा: टोमॅटो, पाणी, साखर, रिफाइंड सूर्यफूल तेल, मीठ, चीज पावडर, ऑलिव्ह ऑइल.

ही यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावी लागते. म्हणून मीठ कुठे आहे ते आधी शोधायचं. या बाटलीत १०० ग्रॅममागे सोडियम ४८० मिलिग्रॅम होतं. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ कळतं, म्हणजे जास्तीत जास्त १.२ ग्रॅम. चीज आणि ऑलिव्ह ऑइल मिठाच्या नंतर आहेत, तेव्हा दोन्ही प्रत्येकी त्याहून जास्त असूच शकत नाहीत. चित्र ज्यांचं, ते पदार्थ चमचाभरही नाहीत! मला याचा खरंच राग येतो.

साखरेत ‘ॲडेड शुगर’ची ओळ वेगळी बघा, एकूण साखरेत टोमॅटोची स्वतःचीही धरलेली असते.

सोडियमचा आकडा सर्व्हिंगमागे २८८ लिहिला होता, पण सर्व्हिंग फक्त ६० ग्रॅमचं. ३६० ग्रॅमची बाटली आमच्याकडे तिघांत संपते, म्हणजे माणशी १२० ग्रॅम आणि सोडियम ५७६. दिवसाची मर्यादा २०००. आईला बीपी आहे, आणि पास्ता उकळताना पाण्यात घातलेलं मीठ यात धरलेलंच नाही. शेजारच्या बाटलीत मीठ ऑलिव्ह ऑइलच्या नंतर होतं, सोडियमही कमी. तीच घेतली.