5.1 ही उंची नेमकी किती?

एप्रिल 2024 मध्ये ठाण्यातल्या एका आरोग्य संस्थेची फाइल माझ्याकडे आली. जानेवारी ते मार्च या तीन महिन्यांत कळवा, दिवा, कोपरी, वागळे इस्टेट, येऊरचे पाडे अशा नऊ केंद्रांवर मधुमेहाची तपासणी शिबिरं झाली होती आणि त्यांच्या 16,240 ओळी एकाच तक्त्यात भरल्या होत्या. प्रत्येक ओळीत नोंदणी क्रमांक, केंद्र, भेटीची तारीख, जन्मतारीख, लिंग, उंची, वजन आणि रक्तातली साखर. नावं नव्हती. माझं काम एवढंच होतं की अहवाल लिहायला घेण्याआधी या तक्त्यावर किती भरवसा ठेवायचा ते सांगायचं.

मी एक नियम सुरुवातीलाच पाळला: एक्सेलमधल्या मूळ पानाला, म्हणजे `Raw` ला हात लावायचा नाही. शेजारी `Audit` नावाचं दुसरं पान केलं. त्यात मूळ तक्त्याची दुसरी ओळ ती इथलीही दुसरी ओळ, आणि प्रत्येक रकान्यासमोर एक खूण. खूण म्हणजे दुरुस्ती नव्हे. "इथे बघा" एवढंच ती सांगते. वरच्या बाजूला कुठल्या प्रकारच्या किती खुणा लागल्या त्याची मोजणी.

पहिल्याच दिवशी मी क्रम चुकवला. सगळ्यात आधी टोकाचे आकडे शोधायला गेलो, कारण ते लगेच दिसतात. पद्धत नेहमीची: आकडे चढत्या क्रमाने लावले तर पाव भागावर येतो तो पहिला चतुर्थक, पाऊण भागावर येतो तो तिसरा, आणि दोघांमधल्या अंतराच्या दीडपट खाली किंवा वर जे जाईल त्यावर खूण. साखरेच्या रकान्यात पहिला चतुर्थक 92 आला, तिसरा 148. अंतर 56, त्याची दीडपट 84. म्हणजे खालची मर्यादा 8 आणि वरची 232.

खालची मर्यादा 8 म्हटल्यावर 5.6, 6.2, 7.1 अशा शेकडो ओळी लाल झाल्या. मला वाटलं, टायपिंगच्या चुका, एखादा शून्य राहिला असेल. पॅथॉलॉजीच्या मॅडमना यादी दाखवली. त्यांनी दोन मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, "अहो, 6 शुगर असलेला माणूस स्वतःच्या पायांनी शिबिरात येत नाही. आकडा बघू नका, मशीन कुठलं होतं ते बघा."

मग केंद्रवार मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधोमध येणारा आकडा, काढला.

```
=MEDIAN(IF((Raw!$B$2:$B$16241=A2)*ISNUMBER(Raw!$H$2:$H$16241),Raw!$H$2:$H$16241))
```

`A2` मध्ये केंद्राचं नाव आहे. जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र Ctrl+Shift+Enter दाबून भरावं लागतं. यात `ISNUMBER` मुद्दाम आहे. तो नसेल तर रिकामे चौकोन शून्य म्हणून मोजले जातात आणि मध्यक खाली घसरतो. आठ केंद्रांचा मध्यक 112 ते 126 च्या दरम्यान आला. येऊरचा आला 6.9. तिथल्या 1,870 ओळी एका वेगळ्याच ग्लुकोमीटरवर घेतल्या होत्या. एका हितचिंतकांनी तो लंडनहून आणून दिला होता आणि तिकडे साखर मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. आपल्याकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. एकातून दुसऱ्यात जायला 18 ने गुणायचं. 6.9 म्हणजे आपले 124.

हे कळल्यावर पहिल्या दिवशीची यादी पुन्हा बघितली आणि मला खरी काळजी वाटली. 5.6 आणि 6.2 लाल झाले होते, पण 9.4 आणि 11.2 खालच्या मर्यादेच्या वर असल्यामुळे बिनदिक्कत पार झाले होते. 9.4 म्हणजे 169, 11.2 म्हणजे जवळजवळ 202. म्हणजे ज्या माणसांना सगळ्यात आधी परत बोलवायला हवं होतं, त्यांच्याच ओळींवर खूण नव्हती. एककं मिसळलेली असताना टोकाचे आकडे शोधले तर मर्यादाच चुकीच्या जागी पडतात. त्यानंतर मी क्रम पक्का केला: आधी रिकामे चौकोन, मग तारखा, मग एककं आणि टोकाचे आकडे सगळ्यात शेवटी. आणि एकक ओळीगणिक बदलत नाही, ते केंद्रागणिक, मशीनगणिक बदलतं. म्हणून ते शोधायचं गट पाडूनच.

रिकाम्या चौकोनांबद्दल थोडक्यात सांगतो. दिसायला रिकामा तो रिकामा असेलच असं नाही. काहींत नुसती जागा होती, काहींत वेबपानावरून चिकटवताना येणारी न तुटणारी जागा, जी `TRIM` ने जात नाही. त्यासाठी हे:

```
=LEN(TRIM(SUBSTITUTE(Raw!H2,CHAR(160)," ")))=0
```

उलट साखरेच्या रकान्यात काही ठिकाणी "HI" लिहिलं होतं. मी ते कचरा समजून रिकाम्यात टाकणार होतो. शिबिरातल्या सिस्टरांनी सांगितलं की साखर मशीनच्या मापापलीकडे गेली की पडद्यावर तेच येतं, आणि त्यांच्या मशीनचं माप 600 पर्यंत होतं. त्या ओळींना मी स्वतंत्र खूण दिली.

तारखांनी मात्र मला दोन दिवस बसवलं. माझ्या लॅपटॉपवर तारखेची मांडणी अमेरिकन होती, म्हणजे आधी महिना, मग दिवस. फाइल सीएसव्ही होती, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेला साधा मजकूर. ती थेट दोनदा क्लिक करून उघडल्याबरोबर 05/03/2024, म्हणजे 5 मार्च, तिथे 3 मे झाली. 25/03/2024 ला पंचविसावा महिना मिळेना, म्हणून ती मजकूर म्हणून तशीच राहिली. शिबिरं मार्चअखेर संपली होती आणि माझ्या तक्त्यात जुलै आणि डिसेंबर 2024 च्या भेटी होत्या, ज्या अजून यायच्याच होत्या.

हा घोटाळा ओळखायची एक खात्रीची खूण आहे. ज्या तारखा एक्सेलने खऱ्या तारखा म्हणून स्वीकारल्या, त्यांचा फक्त दिवस वेगळा काढा. तो कधीच 12 च्या वर जात नसेल तर दिवस-महिना उलटले आहेत. माझ्याकडे तर दिवस फक्त 1, 2 आणि 3 होते, कारण ते खरं म्हणजे जानेवारी, फेब्रुवारी, मार्च होते. सुमारे साठ टक्के ओळी मजकूर म्हणून पडल्या होत्या, तेही जुळतं: महिन्यातले पहिले बारा दिवस सोडले की उरतात अठरा.

"भेट 1 जानेवारी ते 31 मार्चच्या बाहेर असेल तर खूण" या नियमाने यातल्या पुष्कळ सापडल्या, पण सगळ्या नाही. 2 जानेवारी उलटली की 1 फेब्रुवारी होते, आणि ती मर्यादेच्या आतच असते. असा आकडा कुठलीही खूण पकडू शकत नाही. म्हणून तारखा ओळीओळीने सुधारायच्या फंदात पडलो नाही. फाइल पुन्हा आयात केली आणि आयात करतानाच तारखेचा रकाना दिवस-महिना-वर्ष असा निवडला.

जन्मतारखेसाठी मी "जन्म भेटीनंतरचा" असा साधा नियम लावला होता. त्याने 2025 आणि 2028 साली जन्मलेले काही लोक सापडले. फॉर्मवर नुसतं 25 किंवा 28 लिहिलेलं होतं आणि माझ्या मशीनवर 29 पर्यंतची दोन अंकी वर्षं 2000 नंतरची धरली जात होती. पण 1922 साली जन्मलेल्या आजी 2022 च्या होऊन, दोन वर्षांच्या म्हणून बसल्या होत्या. त्या नियमातून सुटल्या. शिबिर प्रौढांचं होतं, म्हणून वय 18 च्या खाली असेल तर खूण असाही नियम वाढवला. या तपासणीत आणखी एक छिद्र आहे: एक्सेलच्या हिशेबात मजकूर हा कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा असतो. भेटीची तारीख मजकूर आणि जन्मतारीख आकडा असेल तर "जन्म भेटीपेक्षा मोठा का" याचं उत्तर नेहमी "नाही" येतं आणि ओळ स्वच्छ दिसते. दोन्ही रकाने आकडे आहेत का, हे आधी विचारायलाच हवं.

1 जून या जन्मतारखेचा ढीग होता. तो चूक म्हणून मी धरला नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिल्याची घरोघरी उदाहरणं आहेत. त्यावर "अंदाजे" अशी खूण ठेवली.

मधेच एक मोठा फटका बसला. ऑफिसमध्ये कुणीतरी `Raw` केंद्राप्रमाणे लावून घेतलं. सूत्रं आपोआप नव्या ओळींवर गेली, पण `Audit` मध्ये मी हाताने लिहिलेले निर्णय जागेवरच राहिले आणि भलत्याच माणसांना चिकटले. तेव्हापासून निर्णय तिसऱ्या पानावर, नोंदणी क्रमांकाच्या समोर.

आणि उंची. काही केंद्रांत सेंटिमीटर, काहींत फूट. वेगळं करणं सोपं होतं: 120 च्या वर सेंटिमीटर, 4 ते 7 फूट, बाकी सगळं "तपासा". 5.4 म्हणजे पाच पूर्णांक चार दशांश फूट नव्हे, पाच फूट चार इंच, हेही लक्षात होतं. अडलो ते 5.1 पाशी. पाच फूट दहा इंच कुणी 5.10 असं टाइप केलं की एक्सेल शेवटचं शून्य टाकून देतं आणि उरतं 5.1. पाच फूट एक इंच आणि पाच फूट दहा इंच एकाच आकड्यात मिसळतात.

फरक नऊ इंचांचा आहे. 70 किलो वजनाच्या माणसाची उंची 154.9 सेंटिमीटर धरली तर बीएमआय 29.2 येतो, 177.8 धरली तर 22.1. एक माणूस स्थूल ठरतो, दुसरा अगदी ठीक. दोन्ही उंची शक्य आहेत, म्हणून इथे टोकाच्या आकड्यांची चाळणी काहीच करत नाही. संशय आला तो मोजणीवरून: फुटांत नोंद असलेल्या पुरुषांमध्ये 5.1 चे 143 जण होते, 5.2 चे 61. बुटक्या उंचीकडे जाताना माणसं कमी व्हायला हवीत, इथे वाढली होती. बायकांमध्ये असा उंचवटा नव्हता.

सूत्राने हे सुटणार नव्हतं. हरवलेलं शून्य तक्त्यात कुठेच नव्हतं. आम्ही कपाटातले कागदी फॉर्म काढले आणि नोंदणी क्रमांक जुळवत तीन संध्याकाळी बसलो. 143 पैकी 118 फॉर्म सापडले. त्यातल्या 87 जणांची उंची पाच फूट दहा इंच होती, 31 जणांची पाच फूट एक. उरलेल्या 25 जणांच्या उंचीसमोर मी "अनिश्चित" लिहिलं आणि त्यांचा बीएमआय काढला नाही.