साखरपुड्याच्या शुभेच्छा

आज मैत्रिणीचा ठाण्यात साखरपुडा झाला. कामामुळे जाता आले नाही, म्हणून लोकलमध्ये बसून शुभेच्छा लिहू लागले आणि ‘दोघांचे हार्दिक अभिनंदन, नांदा सौख्यभरे’ एवढे उमटताच थांबले, कारण नाव बदलून हाच मजकूर मी मागच्या महिन्यात एका सहकाऱ्याला पाठवला होता. (शिवाय ‘नांदा सौख्यभरे’ हा आशीर्वाद लग्नातला, साखरपुड्याला तो घाईचाच.)

विशेषणे वाढवून पाहिली, तर मजकूर लग्नपत्रिकेसारखा दिसू लागला. मग सारे पुसले आणि केवळ मलाच ठाऊक असलेला एक प्रसंग आठवला. मी तिच्याशी जसे बोलते, तसेच लिहिले: “अगं, तलावपाळीवर भर पावसात तू तासभर त्याच्याबद्दल बोलत होतीस आणि हातातले कणीस गार झाले, तेव्हाच मला कळले होते. परवा फोनवर त्याने तुझ्या आईच्या गुडघ्याची आधी चौकशी केली, ते फार आवडले. रविवारी अंगठी दाखवायला ये.”

पाठवण्यापूर्वी ‘जगातील सर्वांत सुंदर जोडी’ हे शब्द काढले; मी तसे कधी बोलत नाही, हे तिला लगेच कळले असते.

दहा मिनिटांत उत्तर आले: “कणीस तूच संपवलेस.”