आठ ओळींची कविता आणि अर्जातला एक रकाना

एम.ए.च्या लघुशोधनिबंधाला बालकवींची ‘औदुंबर’ घेतली. विषय लगेच मंजूर झाला, अडलं ते आराखड्याच्या छापील अर्जावर. त्यात ‘समीक्षापद्धती’ असा रकाना आणि पर्याय दोनच: चरित्रात्मक किंवा संहितानिष्ठ. दोन्हींवर खूण केली की अर्ज परत. ‘एकच ठेवा, मॅडम,’ एवढंच उत्तर.

आता एका कवितेसाठी हे ठरवायचं तरी कसं? बालकवी 5 मे 1918 रोजी भादली स्टेशनजवळ रेल्वे अपघातात गेले, वय अवघं 27. हे एकदा डोक्यात बसलं की शेतमळ्यांतून निघालेली पांढरी पायवाट ‘काळ्या डोहाकडे’ जाते ती थेट मरणाकडेच जाते. वाचन झटक्यात जमतं आणि म्हणूनच मला त्याचा संशय येतो. कविता लिहिताना कवीला आपला अपघात ठाऊक नव्हता. तो ठाऊक आहे आपल्याला. शिवाय डोह म्हणजे मरण धरलं तर ‘गोड काळिमा’मधल्या ‘गोड’चं काय करायचं?

मग चरित्र मिटून नुसत्या ओळी वाचल्या. ‘मी’ कुठेच नाही, दुःखाचा एक शब्द नाही. झरा वाहतो, मळ्यांची गर्दी लागते, वाट अडवीतिडवी पडते नि चालू लागते. शेवटच्या ओळीत औदुंबर तेवढा ‘बसला’ आहे. सगळी हालचाल त्याच्यापाशी येऊन थांबते. हे कुठल्या चरित्रात सापडलं नसतं. पण या वाटेवर अडवणारंही कोणी नसतं. चार घरं म्हणजे चार आश्रम, हिरवं म्हणजे संसार, असं काहीही म्हणता येतं. (कच्च्या खर्ड्यात असली दोन पानं होती. काढली.) आणि ‘फक्त संहिता’ काटेकोर पाळायची तर औदुंबराखालचा दत्तही बाहेर ठेवावा लागतो, जो मराठी वाचकाच्या मनात आधीच बसलेला असतो.

अपघातापेक्षा मला उपयोगी पडली ती ‘कोठुनि येते मला कळेना’ ही त्यांचीच कविता. कारण न कळणारी उदासीनता तिथे उघड शब्दांत आहे, त्यामुळे ‘औदुंबर’मध्ये ती ऐकू आली तर ती निव्वळ आपण घातलेली नसते. तरी ‘उदास’ म्हणायचं ते याच आठ ओळींतून दाखवता आलं तरच. हो, ओळी छापील संग्रहातूनच उतरवून घ्या, नेटवरच्या प्रतींत शब्द बदललेले असतात.

शेवटी ‘संहितानिष्ठ’वर खूण केली आणि चरित्र परिशिष्टात टाकलं. अर्ज त्याच दिवशी पुढे सरकला. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न आला: ‘बालकवींचा मृत्यू कसा झाला?’