भूवेष्टित वही, नोंद ७: तिसरा देश तीन दिवस टिकला

जगात दुहेरी भूवेष्टित देश दोनच, लिश्टनस्टाइन आणि उझबेकिस्तान, असं मी मागच्या नोंदीत छातीठोकपणे लिहिलं होतं. गुरुवारी रात्री साडेअकराला माझ्याच तक्त्याने तिसरा देश दाखवला: किर्गिझस्तान. मी खुर्चीतून उठून स्वयंपाकघरात जाऊन परत आले. नाव तिथेच होतं. रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या आमच्या कट्ट्यावर चहा यायच्या आत तो देश गेला. या नोंदीचा बराचसा भाग त्या तीन दिवसांवर आहे, कारण चूक कुठे होती हे शोधायलाच सगळा वेळ गेला.

नव्यांसाठी एकच उजळणी. ‘सागरांक’ हा आपल्या कट्ट्याचा शब्द. एखाद्या भूवेष्टित देशाच्या शेजाऱ्यांपैकी किती जणांना समुद्रकिनारा आहे, तो आकडा म्हणजे सागरांक. शून्य आला की देश दुहेरी भूवेष्टित, म्हणजे समुद्र गाठायला किमान दोन सीमा ओलांडाव्या लागणार. कॅस्पियन आणि अरल हे आपण समुद्र धरत नाही. त्यावरचं भांडण नोंद ४ मध्ये झालं आहे, पुन्हा उकरू नका.

तर किर्गिझस्तान. त्याच्या नावापुढे तीन शेजारी होते: कझाकस्तान, उझबेकिस्तान, ताजिकिस्तान. तिघेही भूवेष्टित, सागरांक शून्य. खरं तर तिथेच खटकायला हवं होतं, पण शोध लागल्याच्या आनंदात माणूस मोजत नाही. आणखी एक खूण मी चक्क पाहून सोडून दिली. भूवेष्टित देशांची एकूण बेरीज ४५ येत होती. व्हॅटिकन धरून ती ४४ यायला हवी. मी मनाशी म्हटलं, कोसोव्हो धरला असेल. या तक्त्यात कोसोव्हो मी घातलेलाच नव्हता! चुकीचा आकडा ओळखीचा निघाला की आपण त्याला कारणही आपणच शोधून देतो.

रविवारी मी ऐटीत कागद टेबलावर ठेवला. आमच्या कट्ट्यावर एक काका आहेत, पोस्टाची तिकिटं जमवता जमवता या नादाला लागलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, एकदाच पाहिलं आणि विचारलं, “काय गं, तिएनशान पर्वत कोणी उचलून नेला? चीन कुठाय?”

चीन. किर्गिझस्तानची पूर्वेची आणि आग्नेयेची अख्खी लांबलचक सीमा चीनला लागून आहे आणि माझ्या तक्त्यात ती नव्हती. मजा म्हणजे चीनच्या ओळीत चौदाच्या चौदा शेजारी बरोबर होते, हे मला पक्कं आठवत होतं. घरी येऊन पाहिलं, तर होतेच. फक्त त्यातला एक ‘किर्गिझिस्तान’ होता.

तुर्कमेनिस्तान, ताजिकिस्तान, उझबेकिस्तान असं लिहीत गेलं की हात आपोआप एक वेलांटी जास्त देतो. देशांच्या मूळ यादीत ‘किर्गिझस्तान’, चीनच्या ओळीत ‘किर्गिझिस्तान’. संगणकाच्या लेखी हे दोन देश. माझी पद्धत आठवत असेल: मोठ्या देशापासून सुरुवात करायची, प्रत्येक सीमा एकदाच लिहायची आणि उलटी बाजू प्रोग्रामने भरायची. प्रोग्रामने इमानदारीत ‘किर्गिझिस्तान’ नावाचा नवा देश उभा केला, त्याला चीन हा एकुलता एक शेजारी दिला, आणि किनाऱ्यांच्या यादीत तो नाही म्हणून त्याला भूवेष्टित ठरवलं. ४५ वा देश तो. खऱ्या किर्गिझस्तानच्या वाट्याचा चीन या भुताने नेला.

भूत पकडायला तीन ओळी पुरतात. `shejari` हा शेजाऱ्यांचा तक्ता, `yadi` ही देशांची मूळ यादी:

```python
for desh in shejari:
    if desh not in yadi:
        print(desh)
```

चालवल्यावर एकच नाव आलं. इतकी लाज बऱ्याच दिवसांत वाटली नव्हती.

पण खरा धडा पुढे होता. माझ्याकडे दुसरी तपासणी आधीपासून होती: अ च्या ओळीत ब असेल तर ब च्या ओळीत अ आहे ना? ती दर वेळी बिनचूक उत्तीर्ण व्हायची आणि मी तिच्यावर विसंबून होते. होणारच ना उत्तीर्ण! उलटी बाजू मीच पहिल्या बाजूवरून भरत होते. आरशात पाहून जुळ्या भावाची खात्री करण्यातला प्रकार. दोन्ही बाजू वेगवेगळ्या बसून, वेगवेगळ्या पुस्तकांतून लिहिल्या, तरच त्या जुळण्याला काही किंमत आहे.

म्हणून सोमवार आणि मंगळवारच्या संध्याकाळी ४४ देशांच्या ओळी नव्याने हाताने भरल्या, प्रत्येकाचे शेजारी त्याच्याच नकाशावरून, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरत. ही फिरण्याची युक्ती जरूर करा. उत्तरेपासून निघून सीमेवरून बोट फिरवत पुन्हा उत्तरेला आलं की मधे फट राहिली तर लगेच कळते. वर्णानुक्रमे लिहिलेल्या यादीत फट दिसत नाही.

दोन जागी बाजू जुळल्या नाहीत. तुर्कस्तानच्या ओळीत अझरबैजान होता, अझरबैजानच्या ओळीत तुर्कस्तान नव्हता, कारण मी मुख्य भूभागावरूनच बोट फिरवलं आणि पलीकडचा नाखचिवानचा तुकडा विसरले. दुसरी जागा झांबिया आणि बोत्सवाना. काझुंगुलापाशी झांबेझी नदीत त्यांची सीमा जेमतेम दीडेकशे मीटरची आहे. छोट्या नकाशावर तिथे चार देश एका ठिपक्यात भेटल्यासारखे दिसतात.

नकाशांबद्दल बोलायचंच झालं तर अप्पा बळवंत चौकातल्या एका दुकानातून भिंतीवरचा मोठा नकाशा आणला होता, ‘नवीन आवृत्ती’ म्हणून. त्यात सुदान अखंड. दक्षिण सुदान २०११ साली वेगळा झाला! परत द्यायला गेले तर उत्तर मिळालं, “गुंडाळी सोडलीत ना, मग नाही घेत.” आता तो कपाटाच्या दाराला आतून लावला आहे. शालेय नकाशासंग्रह त्याहून बरे, फक्त आपल्याकडच्या नकाशात अफगाणिस्तानला भारतही टेकतो हे लक्षात ठेवा. भारत सरकारच्या हिशेबात ती सीमा १०६ किलोमीटर आहे. परदेशी नकाशात अफगाणिस्तानचा सागरांक तीन (इराण, पाकिस्तान, चीन), आपल्या नकाशात चार. उत्तर कुठेच बदलत नाही.

इथेच नवी कल्पना सुचली आणि बेत बदलला. प्रत्येक वाद, प्रत्येक बारीक सीमा सोडवत बसायची गरज आहे का? बोस्नियाला नेउमपाशी वीसेक किलोमीटरचा किनारा आहे, तो नकाशात बुजला तरी सर्बियाला रोमानिया, बल्गेरिया, क्रोएशिया आहेतच. काँगोचा लहानसा किनारा सुटला तरी रवांडाला टांझानिया आहे. जिथे सागरांक दोन किंवा जास्त, तिथे एक चूक पचते. धोका फक्त सागरांक एक असलेल्यांना. म्हणून तेवढेच वेगळे काढले आणि सहा निघाले. लेसोथो, सान मारिनो आणि व्हॅटिकन यांना मुळात शेजारी एकच, त्यांचं सोपं. उरले तीन: किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तान चीनच्या भरवशावर, तुर्कमेनिस्तान इराणच्या. माझी चूक या सहांतल्या एकावर पडली म्हणून दिसली. नेपाळच्या ओळीत चीन सुटला असता तर भारतामुळे सागरांक एक राहिला असता आणि मला कधी कळलंही नसतं.

शून्यवाल्यांची फेरतपासणी याच्या उलट. तिथे प्रत्येक शेजाऱ्याला वेगळं उभं करून विचारायचं, तुला किनारा नाही ना? उझबेकिस्तानभोवती बोट फिरवलं: कझाकस्तान, किर्गिझस्तान, ताजिकिस्तान, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान. पाच. मधल्या तिघांबद्दल शंका नाही. कझाकस्तान आणि तुर्कमेनिस्तान कॅस्पियनवर आहेत, म्हणून ज्या विदासंचात कॅस्पियनचा काठ ‘किनारा’ म्हणून नोंदलेला असतो, तिथे उझबेकिस्तानचा सागरांक थेट दोन होतो आणि तो यादीतून गळतो. तुमच्याकडे एकटा लिश्टनस्टाइन उरला, तर आधी तिथे पाहा. उलट लिश्टनस्टाइनच गायब असेल, तर तो १६० चौरस किलोमीटरचा देश तुमच्या नकाशात मुळात आहे का ते पाहा. त्याला शेजारी दोनच, स्वित्झर्लंड आणि ऑस्ट्रिया. जर्मनी हाकेच्या अंतरावर आहे, पण टेकत नाही. ऱ्हाइन सीमेवरून वाहते आणि पुढे उत्तर समुद्राला मिळते, पण नदी म्हणजे किनारा नव्हे.

हे लिहितानाच आणखी एक किडा वळवळला. उझबेकिस्तान ‘१९९१ पासून’ दुहेरी भूवेष्टित, असं आपण सगळे लिहितो. पण कोणत्या दिवसापासून? उझबेकिस्तानने ३१ ऑगस्टला स्वातंत्र्य जाहीर केलं. त्या दिवशी कझाकस्तान सोव्हिएत संघातच होता, आणि सोव्हिएत संघाला किनाऱ्यांची काय कमी! किर्गिझस्तान त्याच दिवशी बाहेर पडला, ताजिकिस्तान ९ सप्टेंबरला, तुर्कमेनिस्तान २७ ऑक्टोबरला, आणि सर्वांत शेवटी कझाकस्तान, १६ डिसेंबरला. घोषणांच्या तारखा धरल्या तर ते साडेतीन महिने उझबेकिस्तानचा सागरांक एक होता, कारण एक शेजारी अजून सोव्हिएत होता. काकांना फोन केला. ते म्हणाले, “घोषणा धरू नकोस. २६ डिसेंबर धर, संघ विसर्जित झाला तो दिवस.” आमचं एकमत झालेलं नाही.

त्यामुळे नोंद ८ मध्ये येणारा रंगीत नकाशा बाजूला ठेवते आहे. त्याऐवजी तारीखवार सागरांक. लिश्टनस्टाइनचा तर आलेख वरखाली होईल: ऑस्ट्रिया-हंगेरीला एड्रियाटिकचा किनारा होता तोवर एक, साम्राज्य मोडल्यावर शून्य, मार्च १९३८ मध्ये जर्मनीने ऑस्ट्रिया गिळल्यावर पुन्हा एक, १९४५ नंतर शून्य. अडतंय ते पहिल्या शून्याच्या तारखेवर. इटलीचं सैन्य त्रिएस्तेत उतरलं तो ३ नोव्हेंबर १९१८, ऑस्ट्रियाचं प्रजासत्ताक जाहीर झालं तो १२ नोव्हेंबर, की सेंट जर्मेनच्या तहावर सह्या झाल्या तो १० सप्टेंबर १९१९? काका तहाच्या बाजूने आहेत, मी त्रिएस्तेच्या. रविवारी या, आणि येताना १९१४ आधीचा युरोपचा नकाशा कुणाकडे असेल तर आणा. गुंडाळी सोडलेला चालेल.